मृत्युपत्रातली ‘बेबी’ कोण?

‘बेबीने माझ्या आजारपणात केलेल्या सेवेबद्दल तिला दोन लाख रुपये द्यावेत.’ मृत्युपत्राच्या मसुद्यातले हे वाक्य घरात कोणालाही खटकणार नाही. बेबी कोण, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक असते. अडचण वेगळीच आहे. हे वाक्य अमलात येईल त्या दिवशी लिहिणारा माणूस सांगायला नसेल आणि वाचणारा कदाचित बँकेचा अधिकारी असेल, सोसायटीचा सचिव असेल किंवा दिवाणी न्यायाधीश असेल. त्यांच्या दृष्टीने बेबी नावाची कोणीही व्यक्ती नाही. आधार कार्डावर बेबी नाही, पासबुकावर नाही. लग्नानंतर तर माहेरचे नावही बदललेले असते.

मृत्युपत्र साध्या कागदावर करता येते. त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही ऐच्छिक आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या एवढे असले की साधे मृत्युपत्र उभे राहते. हा सोपेपणा चांगलाच आहे. पण त्यामुळे अनेक मसुदे घरच्या घरी लिहिले जातात आणि सही होण्याआधी परक्या डोळ्यांनी ते कोणी वाचतच नाही. असे वाचन कसे करायचे, हे एका नमुना मसुद्यावरून पाहता येईल. मसुदा समजावण्यासाठी रचलेला आहे. त्यातली वाक्ये मात्र मराठी मृत्युपत्रांत नेहमी भेटणाऱ्या धाटणीची आहेत.

समजा, साताऱ्यातले पंचाहत्तरीचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. घरात पत्नी आहे. एक मुलगा आणि दोन मुली, तिघांचीही लग्ने झालेली. मिळकत म्हणजे सोसायटीतला एक फ्लॅट, गावाकडची चाळीस गुंठे जमीन आणि बँकेतल्या बारा लाखांच्या ठेवी. गुरुजींनी सुवाच्य अक्षरात मसुदा लिहिला:

‘१. माझे साताऱ्याचे घर व त्यातील सर्व वस्तू मी माझ्या पत्नीस देत आहे. तिच्यानंतर ते मुलास मिळावे.
२. गावाकडची जमीन माझ्या मुलांना समान वाटून द्यावी.
३. बँकेतील सर्व पैसे धाकट्या मुलीस द्यावेत.
४. बेबीला दोन लाख रुपये द्यावेत.
५. पंचवीस हजार रुपये धर्मकार्यासाठी खर्च करावेत.
६. सर्वांनी एकमताने याची अंमलबजावणी करावी. वाद झाल्यास मोठे जावई सांगतील ते मान्य करावे.’

सहा वाक्ये आहेत. हेतू स्वच्छ आहे, भाषा नेमस्त आहे. तरीही जाणकार वकील या कागदावर तासभर बसेल. वाचताना मनात तीन प्रश्न ठेवून बसेल: नेमके कोणाला आणि नेमके काय? तो माणूस आधी गेला तर? आणि हे सगळे प्रत्यक्षात करणार कोण?

नेमके कोणाला, नेमके काय

बेबीपासूनच सुरुवात करू. गुरुजींच्या मनात त्यांची भाची आहे. बायपासनंतर दोन महिने राहून तिने त्यांची शुश्रूषा केली. पण मेहुणीची मुलगीही घरात बेबीच आहे. अशा वेळी कायदा अगदी हात झटकत नाही. उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ८० मध्ये नेमके असेच उदाहरण दिले आहे: मेरी नावाच्या दोन चुलत बहिणी असलेला माणूस ‘माझी बहीण मेरी’ हिला पैसे ठेवतो. वर्णन दोघींना लागू पडते, पण मनात एकच असणार. म्हणून कोणती मेरी अभिप्रेत होती, याचा बाहेरचा पुरावा देता येतो. बेबीलाही हा आधार मिळेल. पण त्यासाठी दोन बहिणींना समोरासमोर उभे राहून साक्षीपुरावा करावा लागेल.

संदिग्धता कागदावरच उघड दिसत असेल, तर मात्र हा दरवाजा बंद होतो. कलम ८१ नुसार ‘____ यांना एक हजार रुपये’ अशी नावाची जागा कोरी राहिली, तर ती कोणासाठी होती याचा पुरावा घेतला जात नाही. कलम ८९ नुसार ज्याचा अर्थ निश्चित करता येत नाही असे देणे निरर्थक ठरते. त्याच कलमातल्या उदाहरणांत ‘सोबतच्या परिशिष्टातील सर्व वस्तू’ असे लिहून परिशिष्टच सापडले नाही, तर ते देणेही निरर्थक म्हटले आहे. मराठी मसुद्यांत ‘सोबतच्या यादीप्रमाणे दागिने’ हे वाक्य पुष्कळदा असते आणि यादी पुढे कधीतरी करायची राहून जाते. म्हणून तपासणीत आधी दोन गोष्टी बघाव्यात. एकही जागा कोरी नाही ना? आणि मसुद्यात उल्लेख केलेला प्रत्येक कागद खरोखर जोडलेला आहे ना?

दुसरे वाक्य त्याहून फसवे आहे, कारण त्यात मराठीचाच एक बारकावा लपला आहे. ‘माझ्या मुलांना’ म्हणजे कोणाला? ‘मुले’ हा शब्द मुलगा-मुलगी दोघांसाठी वापरला जातो आणि फक्त मुलग्यांसाठीही. गुरुजींना एकच मुलगा आहे, म्हणून इथे अनेकवचनावरून मुलीही धरल्या आहेत असे म्हणता येईल. दोन मुलगे आणि एक मुलगी असती, तर हा एक शब्द मुलीचा हिस्सा ठेवू शकला असता किंवा घालवू शकला असता. ‘नातवांना’ या शब्दाचेही तसेच आहे. त्यात नाती धरायच्या की नाहीत? यावर उपाय एकच, तो म्हणजे नातेवाचक शब्दाच्या जागी नावे लिहिणे. कागदोपत्री पूर्ण नाव, कंसात घरचे नाव, लग्न झालेल्या स्त्रीचे माहेरचे आणि सासरचे दोन्ही आडनावे, मृत्युपत्र करणाऱ्याशी नाते आणि पत्ता. एवढे लिहिले की बेबीचा प्रश्न तिथेच सुटतो.

‘गावाकडची जमीन’ ओळखायची ती सातबाऱ्यावरून. गाव, तालुका, गट नंबर आणि क्षेत्र आले पाहिजे. विहिरीतला पाण्याचा हिस्सा आणि वहिवाटीचा रस्ता स्वतंत्र असेल, तर तोही आला पाहिजे. शिवाय एक मूलभूत प्रश्न विचारायचा राहतो: ती जमीन गुरुजींची स्वकष्टार्जित आहे की वडिलोपार्जित? वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत त्यांना फक्त आपल्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र करता येते. २००५ च्या दुरुस्तीनंतर अशा मिळकतीत मुली जन्मतःच हिस्सेदार आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले आहे. सातबाऱ्यावर एकट्या गुरुजींचे नाव आहे, एवढ्यावरून सगळी जमीन त्यांची ठरत नाही. जुने फेरफार काढून ती त्यांच्याकडे कशी आली, हे बघावे लागते.

फ्लॅटबाबतही हेच. करारनाम्यावर पती-पत्नी दोघांची नावे असतील, तर गुरुजी देऊ शकतात तो आपला हिस्सा. आणि ‘त्यातील सर्व वस्तू’ या तीन शब्दांत काय काय येते? भांडी, कपाट, टीव्ही येतील हे खरे. पण कपाटातल्या ठेवींच्या पावत्या? लॉकरच्या किल्लीमागचे सोने? पत्नीचे दागिने तर तिचे स्त्रीधन आहे आणि ते गुरुजींना कोणाला देताच येत नाही. ‘घरातील फर्निचर, भांडी व घरगुती वापराच्या वस्तू’ असे लिहिले की पावत्या आणि सोने आपोआप बाहेर राहतात. मग त्यांच्यासाठी वेगळे वाक्य लिहावे लागते, आणि ते लिहिलेच पाहिजे.

पहिल्या वाक्यातली सर्वांत मोठी अडचण मात्र ‘तिच्यानंतर’ या शब्दात आहे. पत्नीला घराची मालकी दिली, की फक्त हयातीपुरता राहण्याचा हक्क दिला? मालकी असेल, तर ती घर विकू शकते, गहाण टाकू शकते, स्वतःच्या मृत्युपत्राने मुलीला देऊ शकते. मग ‘तिच्यानंतर मुलास’ या शब्दांना काय अर्थ उरतो? आणि हक्क हयातीपुरताच असेल, तर तसे कुठेच म्हटलेले नाही. भारतीय न्यायालयांत मृत्युपत्रावरून चाललेल्या दाव्यांचा मोठा भाग याच एका रचनेभोवती फिरतो. दोन वाक्ये परस्परविरोधी असतील तर शेवटचे मानावे, असे कलम ८८ सांगते. उलट, आधी संपूर्ण मालकी दिली असेल तर नंतर घातलेली मर्यादा व्यर्थ ठरते, असेही निकाल आहेत. त्यात पत्नीच्या पोटगीच्या हक्कापोटी मिळकत दिली असेल, तर हिंदू वारसा कायद्याचे कलम १४ मध्ये येते आणि मर्यादित हक्काची पूर्ण मालकी होऊ शकते.

म्हणून मसुदा तपासणाऱ्याने गुरुजींना सरळ विचारायचे: ‘उद्या काकूंना घर विकून मुलीकडे पुण्याला जायचे झाले, तर तुमची परवानगी आहे का?’ ‘हो, का नाही? घर तिचेच आहे’ असे उत्तर आले, तर ‘संपूर्ण मालकी हक्काने’ हे शब्द घालायचे आणि ‘तिच्यानंतर’ हे वाक्य पूर्ण काढून टाकायचे. उत्तर ‘नाही’ असेल, तर ‘तहहयात राहण्याचा व उपभोगाचा हक्क, विक्री, गहाण वा बक्षीस देण्याचा अधिकार नाही’ असे लिहायचे आणि हा मसुदा वकिलाच्या नजरेखालून घालायचा. आपल्या गुरुजींनी पहिले उत्तर दिले, असे धरू.

‘धर्मकार्यासाठी’ या शब्दाला तर मुंबईचाच इतिहास आहे. ‘धरम’साठी मिळकत ठेवणारे एक मृत्युपत्र मुंबईहून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १८९९ मध्ये तिथे निकाल लागला की हा शब्द इतका व्यापक आणि अनिश्चित आहे की न्यायालय त्याची अंमलबजावणी करूच शकत नाही. देणे रद्द झाले. गुरुजींच्या मनात गावच्या शाळेतल्या मुलांसाठी पुस्तके असतील, तर शाळेचे नाव, गाव आणि ‘ग्रंथालयाच्या पुस्तकांसाठी’ हा हेतू लिहायला एक ओळ पुरते.

पैशांची बेरीज

तिसरे आणि चौथे वाक्य एकत्र वाचले की एक गोष्ट दिसते. घरच्या लोकांच्या ती लक्षात येत नाही. बँकेतले ‘सर्व’ पैसे धाकट्या मुलीला दिले. मग बेबीचे दोन लाख आणि शाळेचे पंचवीस हजार येणार कुठून? पत्नीचे घर विकून? जमीन विकून? प्रत्येक रकमेसमोर ‘कुठून’ असे लिहून बघणे, ही या तपासणीतली सर्वांत सोपी युक्ती आहे. इथे दोन लाख पंचवीस हजारांच्या देण्यामागे एक रुपयाही ठेवलेला नाही. त्याआधी अंत्यविधीचा खर्च, इस्पितळाचे बिल आणि गुरुजींची इतर देणी भागवावी लागतील, कारण कायद्याने देणी आधी आणि वाटप नंतर.

त्यात मिळकत एका जागी थांबत नाही. मसुद्यानंतर चार वर्षांनी गुरुजींनी बारापैकी आठ लाखांची ठेव मोडून म्युच्युअल फंडात घातली, असे समजा. ‘बँकेतील पैसे’ आता चार लाख उरले. फंडातल्या आठ लाखांबद्दल मृत्युपत्रात एक शब्दही नाही. त्यातून आधी देणी आणि बेबी-शाळेच्या रकमा भागवाव्यात, असे म्हणता येईल. पण जे काही उरेल, ते मृत्युपत्र नसल्यासारखे वारसाहक्काने जाईल. देणी बाजूला ठेवून पूर्ण आठ लाख धरले, तर हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी, मुलगा आणि दोन मुली असे चार समान हिस्से होतील, म्हणजे प्रत्येकी दोन लाख. ज्या धाकट्या मुलीसाठी गुरुजींनी बारा लाख ठेवले होते, तिच्या वाट्याला सहाच लाख येतील. गुरुजींनी आपला विचार बदलला नव्हता. त्यांनी फक्त ठेव बदलली होती.

उलटे टोकही तितकेच धोक्याचे आहे. ‘अमुक बँक, अमुक क्रमांकाची ठेव’ असे काटेकोर लिहिले आणि मृत्यूच्या वेळी ती ठेवच नसेल, तर कलम १५२ प्रमाणे ते विशिष्ट देणे संपुष्टात येते. मधला मार्ग असा: ‘माझ्या मृत्यूच्या दिवशी माझ्या नावे असलेल्या सर्व बँक व पोस्ट ठेवी, बचत खात्यांतील शिल्लक, म्युच्युअल फंड व रोखे.’ आणि शेवटी एक व्यापक वाक्य: ‘वर न लिहिलेली माझी सर्व उर्वरित मिळकत, आज असलेली वा पुढे मिळणारी, अमुक यांना.’ साध्या मसुद्यात सर्वाधिक वेळा गाळले जाणारे वाक्य हेच. ते नसेल, तर कागदातून निसटलेली प्रत्येक गोष्ट वारसाहक्काच्या वाटेने जाते.

इथे नामनिर्देशनाचाही गोंधळ असतो. ठेवीवर नॉमिनी म्हणून मुलाचे नाव असेल, तर बँक पैसे मुलाच्या हाती देईल. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मिळकतीसंबंधीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही हेच सांगितले: नामनिर्देशनाने वारसाहक्क किंवा मृत्युपत्र बाजूला सारले जात नाही. तरीही मुलाच्या हातात गेलेले पैसे बहिणीला परत मिळवायला लागणे, हे टाळण्यासारखे आहे. म्हणून प्रत्येक खात्याचा नॉमिनी आणि मसुद्यातले नाव जुळवून बघायचे आणि जुळत नसेल तर बँकेत जाऊन बदलून घ्यायचे.

पेन्सिलीने एकेक नाव खोडून

दुसऱ्या प्रश्नासाठी मसुद्याची झेरॉक्स काढावी आणि हातात पेन्सिल घ्यावी. एकेक लाभार्थ्याचे नाव खोडायचे आणि उरलेला मसुदा पुन्हा वाचायचा. मन मानत नाही, विशेषतः मुलाचे नाव खोडताना. पण मृत्युपत्र लिहिणे आणि ते अमलात येणे यांत दहा-वीस वर्षे सहज जातात.

बेबीचे नाव खोडू. ती गुरुजींच्या आधी गेली, तर कलम १०५ प्रमाणे तिचे दोन लाख रद्द होतात आणि उर्वरित मिळकतीत जमा होतात. तिच्या मुलांना काही मिळत नाही. ते मिळावे अशी गुरुजींची इच्छा असेल, तर तसे शब्द लागतात: ‘ती माझ्या आधी मृत झाल्यास तिच्या मुलामुलींना समान.’

आता धाकट्या मुलीचे नाव खोडू. इथे कायदा वेगळ्या वाटेने जातो. लाभार्थी स्वतःचे अपत्य किंवा नातवंड असेल आणि त्याचे अपत्य मागे असेल, तर कलम १०९ नुसार देणे रद्द होत नाही. अनेकांना वाटते, म्हणजे ते सरळ नातवंडांना जाते. तसे नाही. कायदा असे मानतो की मुलगी वडिलांच्या मृत्यूनंतर लगेच वारली. म्हणजे पैसे तिच्या मिळकतीत जातात आणि तिथून तिच्या वारसांकडे. अधिनियमातले उदाहरणच सांगते: वडिलांनी मुलाला पैसे ठेवले, मुलगा आधी वारला, त्याचा मुलगा हयात आहे, पण त्याने स्वतःच्या मृत्युपत्राने सर्व काही पत्नीला दिले होते. तर पैसे पत्नीला जातात.

गुरुजींच्या घरात याचा हिशेब असा होईल. धाकट्या मुलीमागे नवरा आणि दहा वर्षांचा मुलगा आहे, मृत्युपत्र नाही. तर बारा लाखांतले सहा लाख जावयाला आणि सहा लाख नातवाला. तिला मूलच नसते, तर देणे रद्द झाले असते. उर्वरित मिळकतीचे वाक्य नसल्याने पत्नी, मुलगा आणि मोठी मुलगी यांना प्रत्येकी चार लाख गेले असते आणि जावयाला काहीही नाही. तीन शक्यता, तीन वेगळी वाटपे, आणि यातले एकही गुरुजींनी ठरवलेले नाही. त्यांच्या मनात ‘सगळे नातवाला’ असेल, तर तेच लिहावे लागेल. तो अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा असेल, तोवर रक्कम कोणी सांभाळायची आणि शिक्षणासाठी त्यातून किती काढता येईल, हेही लिहावे लागेल.

पत्नीचे नाव खोडले की घराचा मालक कोण? यासाठी एक ओळ: ‘पत्नी माझ्या आधी मृत झाल्यास माझ्या तिन्ही अपत्यांना समान.’ पती-पत्नी एकाच अपघातात गेले तर कोण आधी गेले, याचा प्रश्न येतो. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २१ नुसार, उलट सिद्ध होईपर्यंत धाकटी व्यक्ती मागे राहिली असे धरले जाते. म्हणजे काही क्षणांसाठी घर पत्नीचे होते आणि मग तिच्या वारसांना जाते. ‘माझ्यानंतर किमान तीस दिवस हयात असेल तर’ हे शब्द घातले की तो फेरा टळतो.

जमिनीच्या तीन समान हिश्श्यांबाबत आणखी एक बारकावा आहे. हिस्से वेगळे पाडून दिले असतील आणि त्यातला एक हिस्सा रद्द झाला, तर तो उरलेल्या दोघांत आपोआप वाटला जात नाही, तर उर्वरित मिळकतीत जातो. ‘हयात असलेल्यांत समान’ असे हवे असेल, तर तसे स्वच्छ लिहावे लागते.

करणार कोण

सहाव्या वाक्यात गुरुजींचा स्वभाव दिसतो: सर्वांनी मिळून, सामोपचाराने. पण त्यात एकही जबाबदार माणूस नेमलेला नाही. मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाला, ज्याला कोर्टात एक्झिक्युटर म्हणतात, कायद्याने मोठे स्थान आहे. मृताची मिळकत कायदेशीर प्रतिनिधी म्हणून त्याच्या हाती येते. देणी फेडणे, वसुली करणे, वाटप करणे ही त्याची कामे. तो नेमलेलाच नसेल, तर प्रोबेट मागण्याचा अधिकारही कोणाला राहत नाही. मग एखाद्या लाभार्थ्याला, साधारणतः उर्वरित मिळकत मिळणाऱ्याला, कोर्टाकडून मृत्युपत्रासह प्रशासनपत्र मागावे लागते. आणि ‘एकमताने’ या शब्दामुळे पाच जणांपैकी कोणी एकाने सही नाकारली, तरी बँकेचा अर्ज अडतो.

‘मोठे जावई’ म्हणजे तरी कोण? मोठ्या मुलीचे यजमान, की वयाने मोठे जावई? आणि त्यांचा निर्णय मान्य करायचा तो कशाबाबत? मृत्युपत्राचा अर्थ लावण्याबाबत, की वाटप बदलण्याबाबतही?

व्यवस्थापकाच्या कलमात पुढील गोष्टी नेमकेपणाने याव्यात. त्याचे पूर्ण नाव आणि पत्ता. तो आधी वारला किंवा नाही म्हणाला, तर पर्यायी व्यवस्थापकाचे नाव. दोघांना एकत्र नेमले असेल, तर सही दोघांची लागेल की एकाची चालेल. दोघे असले आणि मृत्युपत्रात काही म्हटले नसेल, तर मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करून घेणारा एकटाही अधिकार वापरू शकतो, असे कायदा सांगतो. ‘दोघांच्या सहीनेच’ असे हवे असेल, तर ते लिहायला हवे, आणि मतभेद झाल्यास पुढे काय, तेही. त्यानंतर अधिकार: लॉकर उघडणे, ठेवी मोडणे, प्राप्तिकर विवरणपत्र भरणे, सोसायटीत आणि सातबाऱ्यावर नोंदी करून घेणे, आणि गरज पडल्यास विक्री करता येईल का. शेवटी कामांचा क्रम आणि खर्च कुठून करायचा, हे.

व्यवस्थापकाला हे काम आधी विचारलेले असावे. तो लाभार्थी असला तरी चालतो. साक्षीदार मात्र लाभार्थी नसलेले आणि वयाने तरुण असावेत, कारण मृत्युपत्र सिद्ध करताना हयात साक्षीदारांपैकी किमान एकाला कोर्टात साक्ष द्यावी लागते. मुदतींचीही कल्पना असावी. मृत्यूनंतर एक वर्ष होईपर्यंत व्यवस्थापकावर रकमा देण्याची सक्ती करता येत नाही. प्रोबेट मिळाले असेल, तर सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टात द्यावा लागतो.

सुधारलेला मसुदा

गुरुजींशी बोलून मसुदा असा होतो. नावांच्या जागी नाती ठेवली आहेत. प्रत्यक्षात तिथे पूर्ण नाव आणि पत्ता येईल.

‘१. अमुक सोसायटी, फ्लॅट क्रमांक अमुक, यातील माझा संपूर्ण हिस्सा व घरातील फर्निचर, भांडी आणि घरगुती वापराच्या वस्तू मी माझ्या पत्नीस संपूर्ण मालकी हक्काने देतो. ती माझ्यानंतर तीस दिवस हयात नसल्यास हे सर्व माझा मुलगा, मोठी मुलगी व धाकटी मुलगी यांना समान मिळेल.
२. मौजे अमुक, गट नंबर अमुक, क्षेत्र चाळीस गुंठे, यातील माझा हिस्सा वरील तिन्ही अपत्यांना समान. कोणी माझ्या आधी मृत झाल्यास त्याचा हिस्सा त्याच्या मुलामुलींना समान. तीही नसल्यास हयात अपत्यांना समान.
३. माझ्या मृत्यूच्या दिवशी माझ्या नावे असलेल्या सर्व ठेवी, बँक शिल्लक व म्युच्युअल फंड यांतून प्रथम अंत्यविधी, वैद्यकीय व इतर देणी फेडावीत. मग माझ्या भाचीस दोन लाख रुपये, ती नसल्यास तिच्या मुलामुलींना समान. मग अमुक शाळेस ग्रंथालयाच्या पुस्तकांसाठी पंचवीस हजार रुपये. शिल्लक धाकट्या मुलीस, ती नसल्यास तिच्या मुलामुलींना समान, तीही नसल्यास माझ्या इतर दोन अपत्यांना समान.
४. वर न लिहिलेली सर्व उर्वरित मिळकत माझ्या पत्नीस, ती नसल्यास तिन्ही अपत्यांना समान.
५. मोठ्या मुलीस मी व्यवस्थापक नेमतो. ती काम करू न शकल्यास माझ्या मुलास. व्यवस्थापकास ठेवी मोडण्याचा, लॉकर उघडण्याचा, कर भरण्याचा व सर्व नोंदी करून घेण्याचा अधिकार राहील. अज्ञान लाभार्थ्याची रक्कम व्यवस्थापकाने त्याच्या नावे बँकेत ठेवावी व केवळ शिक्षण आणि औषधोपचारासाठी वापरावी.
६. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करतो.’

यात कायद्याची अवघड भाषा नाही, आणि ती लागतही नाही. करणाऱ्याचा हेतू कळला पाहिजे, तांत्रिक शब्द नकोत, असे कलम ७४ सांगते. पेन्सिलीने कोणतेही एक नाव खोडले तरी पुढचे नाव सापडते, आणि प्रत्येक रक्कम कुठून यायची तेही.

या वाचनाला मर्यादा आहेत. हा सगळा विचार हिंदू कुटुंबाच्या संदर्भातला आहे. मुस्लिम कुटुंबांत वैयक्तिक कायद्यानुसार मृत्युपत्राने देता येणारा भाग साधारणतः एक तृतीयांशापुरताच असतो. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या पद्धतीप्रमाणे निम्मी मिळकत सक्तीच्या वारसांसाठी राखीव असते आणि तिथली प्रक्रियाही वेगळी आहे. मिळकतीवर आधीच दावा असेल, दुसरे लग्न असेल किंवा परदेशात मालमत्ता असेल, तर घरच्या घरी केलेली तपासणी पुरत नाही.

सही झाल्यावरही कागद तसाच ठेवायचा. पुढे भाचीचे पैसे वाढवावेत असे वाटले, तर ‘दोन’वर रेघ ओढून ‘तीन’ लिहिणे चालत नाही. सहीनंतरच्या खाडाखोडीला पुन्हा सही आणि दोन साक्षीदार लागतात, नाहीतर कायदा ती मानत नाही. पुरवणी मृत्युपत्र करावे किंवा नवेच करावे. मूळ प्रत कुठे ठेवली आहे, हे मोठ्या मुलीला सांगून ठेवावे. आणि त्या प्रतीत भाचीच्या नावापुढे कंसात एक शब्द राहू द्यावा: ‘बेबी’.